वासाची हजेरी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सहा दिवसांत माझ्या टेबलावर चार नळ्या आल्या. चारही पुवाच्या, चारही काखेतल्या गळवाच्या, आणि चारही बाया तिशीच्या आतल्या. गावांची नावं वेगवेगळी होती, पण कामाचं ठिकाण चौघींचं एकच: मोहवन रिसॉर्ट, नागझिऱ्याच्या रस्त्यावर.

मी दीप्ती रामटेके. गोंदियातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाली. रक्त, लघवी, थुंकी, पू, जे कोणाला बघवत नाही ते मी बघते. माझा स्वभाव तापट आहे, हे घरचेही सांगतात आणि दवाखान्यातलेही. मी नाकारत नाही. पण त्या महिन्यात जेवढी तापले तेवढी लग्नाच्या बोलणीतही तापले नव्हते.

चौथी नळी ज्या मुलीची होती ती बाहेर बाकावर बसली होती. उजवा हात अंगापासून दूर धरलेला, जसं बगलेत अंडं ठेवलं आहे. सोबत तिचा बाप. मी नाव विचारलं.

"मंगली सयाम, म्याडम."

"काम काय करतेस?"

"गाइड हाओ जी." मग थोडं थांबून म्हणाली, "होती."

ते 'होती' तिने असं म्हटलं की मी दार लावून तिला आत घेतलं. लॅबमध्ये पेशंट घेत नाहीत. घेतला.

मंगली चोवीस वर्षांची. तिचा बाप फागू जन्मभर जंगलात मजुरी केलेला माणूस, आग विझवणं, ती पसरू नये म्हणून जाळपट्टे काढणं, पाणवठे साफ करणं. पोरीला त्याने लहानपणापासून सोबत फिरवली. तिला आवाजावरून पक्षी ओळखता येतो. रिसॉर्टमध्ये ती आधी खोल्या झाडायला लागली. दोन वर्षं चादरी बदलल्या, बाथरूम घासले. एकदा एका पाहुण्याने हळद्या पक्ष्याला सुतार म्हटलं आणि हिने फडकं हातात धरून त्याला दुरुस्त केलं. तिथून तिला गाइड केलं. रोज पहाटे पाहुण्यांना तलावाच्या काठाने पायी न्यायचं, ठसे दाखवायचे, नावं सांगायची. तिच्या गावात असं काम मिळालेली पहिली मुलगी. ते काम तिला जिवापेक्षा प्यारं होतं, हे मला तिच्या बोलण्यातूनच कळलं, कारण गळू चार बोटांएवढं सुजलं होतं आणि ती मला तलावावरच्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं घरटं समजावून सांगत होती.

"मंग आता 'होती' काऊन?" मी विचारलं.

तेव्हा तिने हजेरीचं सांगितलं.

मार्चमध्ये एका पाहुण्या बाईने जाता जाता वहीत लिहिलं की गाइडच्या अंगाला घामाचा वास येतो. झालं. मॅनेजर हेमेंद्र, नागपूरहून आलेला, पाय जमिनीला न लागणारा माणूस, त्याने नियम काढला. पाहुण्यांसमोर जाण्याआधी गाइड, वाढपी, खोलीवाल्या, सगळ्यांनी ऑफिसच्या मागे रांगेत उभं राहायचं, हात वर करायचे, आणि रिसेप्शनवरची डिंपल एकेकाची काख हुंगणार. वास आला की पाहुण्यांसमोर बंदी आणि अर्धा दिवस कटला. डिंपलने आधी नाही म्हटलं होतं. तिलाही नोकरी होती, मग ती हुंगायला लागली.

"सगळ्याइचीच हुंगे का?" मी विचारलं.

"आमचीच जी. गावाकडच्या लोकाइची. ऑफिसवाल्याइची नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पंचेचाळीस डिग्रीत उन्हात उभ्या बायांना हात वर करून हुंगायचं! जनावराच्या बाजारात दात बघतात तेवढीही लाज नाही. मी मोठ्याने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. फागूमामाने मान खाली घातली. तो लाजला नव्हता, त्याला राग आला होता, पण तो राग गिळायची त्याला सत्तर वर्षांची सवय होती. ती सवय बघूनच मला जास्त संताप आला.

आता मंगलीची चूक ऐका. चूक तिचीही होती, आणि ती अशी की जंगलात राहणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती.

हेमेंद्रने सगळ्यांना सेंटच्या बाटल्या दिल्या होत्या. मंगलीने ती लावली नाही. फागूने तिला लहानपणी शिकवलं होतं की जंगलात जाताना वासाचा साबण नको, तेल नको, बिडीही नको. जनावराला तुझ्याआधी तुझा वास पोहोचतो. सेंट लावून मी पाहुण्यांना सांबर काय दाखवणार, हा तिचा हिशेब. म्हणून तिने वेगळी युक्ती काढली. हाताला लावायचं सॅनिटायझर. स्पिरिट असतं ते, वाऱ्यावर उडून जातं, मागे वास राहत नाही. घामाचाही वास नाही, सेंटचाही नाही. कामावर येताना एकदा, हजेरीआधी एकदा, दुपारी, संध्याकाळी. त्याच्या आधी बाथरूम धुवायचं जंतुनाशक पाण्यात न घालता तसंच कापसाने पुसायचं. केसांत वास धरतो म्हणे, म्हणून एक दिवसाआड वस्तरा. वस्तरा स्टाफच्या बाथरूममध्ये होता, सगळ्यांचा मिळून एक. टॉवेलही एकच.

"पहिले आठ दिवस आगाग होये जी," ती म्हणाली. "मले वाटलं, आगाग होऊन राहिली म्हंजे मरून राहिले जंतू. मंग पाहून पाहून दुसऱ्याइनंबी तसंच केलं. चंचल, बाकीच्या दोघी. मीच शिकोलं त्याइले."

आणि वास? वास जात होता, पण दुपारपर्यंतच. तीन वाजता पुन्हा यायचा. मग आणखी सॅनिटायझर. हेमेंद्र म्हणायचा, इन लोगों का खून ही ऐसा है.

मी म्हटलं, "मंगली, तू जंतू मारले हे खरं. पण मारायचे नव्हते ते मारले."

हे तिला समजावायला मी जंतू वाढवायची काचेची बशी दाखवली. तुम्हालाही सांगते, कारण हे शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. ताजा घाम पाण्यासारखा. काखेत दोन प्रकारच्या ग्रंथी आहेत. एक अंग थंड ठेवायला पाणी सोडते. दुसरी वयात आल्यावर सुरू होते, ती थोडा चिकट, तेला-प्रथिनांचा घाम सोडते. कातडीवर लाखो जीवाणू राहतात, आपल्या जन्मापासून. त्यांचं जेवण तो दुसरा घाम. ते त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांतून जे हवेत उडतं ते आपल्या नाकाला वास म्हणून लागतं. प्रत्येक माणसाच्या काखेत ही पंगत रोज बसते. राजाच्या काय आणि रंकाच्या काय.

"मंग ते वाईटच ना?" मंगली म्हणाली.

"अवो पोरी, ऐक तरी. ते तिथे राहतात म्हणून दुसरा कोणी तिथे राहू शकत नाही. जागा त्यांनी धरली, जेवण त्यांनी खाल्लं, कातडी त्यांनी थोडी आंबट ठेवली, आणि त्यांच्यातले काही तर परक्याला मारणारं औषधही सोडतात. तू त्यांना रोज चार वेळा जाळलं. वर वस्तऱ्याने बारीक जखमा केल्या. रिकामं घर, उघडं दार. मग गळवाचा जंतू आला आणि घरमालक होऊन बसला. तो कोणाच्याही नाकात असू शकतो, दहातल्या तीन-चार जणांच्या असतो. एक टॉवेल, एक वस्तरा, चौघींना वाटायला पुरे झाला."

तिने बशी उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "तरी बी वास काऊन येऊन राहिला दुपारी?"

प्रश्न बरोबर होता. वासवाले पूर्ण मरत नाहीत. केसांच्या मुळात खोल बसलेले वाचतात, काही तासांत वर येतात, घाम तयारच असतो. त्यात रिसॉर्टचा युनिफॉर्म टेरिकॉटचा, घाम न शोषणारा. त्या कापडाला वास धरून राहतो, धुतला तरी पूर्ण जात नाही. म्हणजे तिने हितकर्ते तेवढे विरळ केले, वास जिथल्या तिथे. करायला गेलो एक, झालं भलतंच.

आमच्या त्वचेच्या डॉक्टर रश्मीताईंनी गळू फोडलं, औषध दिलं, सॅनिटायझर बंद, वस्तरा बंद, साधा साबण आणि पाणी, स्वतःचा टॉवेल, सुती बनियन. नळीतल्या पुवातून अपेक्षेप्रमाणे तोच निघाला, बशीवर सोनेरी पिवळ्या ठिपक्यांनी, रक्त मिसळलेल्या बशीत आजूबाजूचं रक्त विरघळवत. चौघींचाही तोच, आणि औषधांना दाद देण्याची पद्धतही चौघींची सारखीच. यावरून एकाच ठिकाणाहून पसरला असावा असं म्हणता येतं. शपथेवर सांगता येत नाही, पण म्हणता येतं.

मी फागूमामाचीही काख पुसून घेतली. तो हसला, म्हणाला, "मले काई झालं नाही जी." म्हटलं, म्हणूनच पाहिजे. त्याच्या बशीवर दोन दिवसांत पांढऱ्या, करड्या, मळकट ठिपक्यांची दाटी झाली, बोट ठेवायला जागा नाही. सोनेरी एकही नाही. मंगलीच्या दुसऱ्या, न पिकलेल्या काखेच्या बशीवर पांढरे मोजके आणि सोनेरी भरपूर. मग मी दुसरं काम केलं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका नवीन बशीभर मंगलीच्या गळवाचा जंतू पसरला आणि त्यावर फागूमामाच्या काखेतले अकरा वेगवेगळे ठिपके ठेवले. दुसऱ्या दिवशी सात जणांनी काहीच केलं नव्हतं. चौघांच्या भोवती मात्र स्वच्छ गोल कडं होतं, तिथे गळवाचा जंतू उगवलाच नव्हता.

मी ती बशी हातात धरून एकटीच बसले होते आणि तोंडाने शिव्या देत होते. ज्या म्हाताऱ्याच्या पोरीला अंगाला वास येतो म्हणून रांगेत उभं केलं, त्याच म्हाताऱ्याच्या बगलेत तिच्या गळवाला थोपवणारं होतं.

त्याच दिवशी हेमेंद्र आला.

पांढरा शर्ट, काळा चष्मा डोक्यावर, हातात गाडीची किल्ली खेळवत. डॉक्टर रश्मीताईंना म्हणाला की मालक विचारून राहिले, चार जणी आजारी कशा पडल्या, तर दवाखान्याने लेखी द्यावं की हा रोग बायांच्या घरच्या अस्वच्छतेमुळे आला. म्हणजे मंगलीला काढता येईल, कारण त्याच्या मते तिच्यापासून सुरू झालं. बाकीच्यांना कपडे धुण्याच्या कामावर ठेवू, पाहुण्यांपासून दूर.

"और मंगली?" रश्मीताईंनी विचारलं.

"मॅडम, मंगली का काम ही गेस्ट के साथ है. स्किन की बीमारी वाली लडकी को मैं सामने कैसे रखूं? सोमवारपर्यंत कागद दिला तर बरं, नवीन गाइड लावायचा आहे."

तर हे सोमवारपर्यंतचं होतं. मंगली बाहेर औषधाच्या खिडकीपाशी उभी होती. काचेतून तिला सगळं ऐकू जात होतं. तिने मान वळवली नाही, फक्त चिठ्ठी चुरगळली.

चोर सोडून संन्याशाला फाशी! वस्तरा त्याच्या बाथरूममधला, टॉवेल त्याचा, नियम त्याचा, आणि अस्वच्छता हिच्या घरची! दारातून ऐकत होते ती मी आत गेले. रश्मीताईंनी डोळ्यांनी दटावलं, शांत. मी शांतच होते, माझ्या हिशेबाने.

"साहेब," मी म्हटलं, "लेखी देऊ. पण आधी तपासावं लागेल कोणाच्या अंगावर काय आहे. सगळ्यांचं. तुमचं पण."

"मेरा?" तो हसला. "मेरा क्या तपासोगे? मी दिवसातून दोनदा आंघोळ करतो, बाहेरचा परफ्यूम लावतो. कधी वास आला का तुम्हाला?"

"मग घाबरायचं कायले?"

रश्मीताईंच्या लक्षात आलं मी काय करते आहे. त्या म्हणाल्या की तपासणी तुमच्या मर्जीची आहे, नको असेल तर सही करून नाही म्हणा. त्याने ऐटीत होकाराची सही केली आणि हात वर केला. मी त्याची काख साबणाने धुतली, पुसली, परफ्यूम गेला. कापसाच्या काडीने स्वॅब घेतला. मग निर्जंतुक गॉज तिथे ठेवून त्याला अर्धा तास बाहेरच्या गरम व्हरांड्यात बसवलं, जिथे कूलर नाही. तो घामाने निथळला आणि चिडलाही. चिडल्यावर तो दुसरा, चिकट घाम जास्त येतो, हे माझ्या फायद्याचं होतं.

तो गॉज पिळून, सलाइनचे दोन थेंब घालून मी सगळा घाम सिरिंजला लावायच्या बारीक फिल्टरमधून काढला. त्यातून जीवाणू जात नाहीत. तो फ्रिजमध्ये ठेवला. स्वॅबची बशी दोन दिवस वाढू दिली. त्याच्या बशीवर दाटी फागूमामाच्या बशीएवढीच. सोनेरी एकही नाही, तेवढी त्याला सूट. मग त्याच्याच घामाच्या दोन नळ्या केल्या. एकीत काही घातलं नाही. दुसरीत त्याच्याच बशीवरचे ठिपके काडीवर घेऊन बुडवले. कापसाचे बूच लावून रात्रभर अंगाएवढ्या उबेत ठेवल्या. लॅबमध्ये काही हुंगायचं नसतं, हा आमचा पहिला नियम आहे. मी तो एकदा मोडला, कबूल करते. रश्मीताईंना विचारून मोडला, आणि त्याच्याच अंगचं त्यालाच हुंगायला दिलं, दुसऱ्या कोणाला नाही.

सोमवारी सकाळी तो आला. सोबत डिंपलला घेऊन आला होता, कागद टाइप करून घ्यायला. मंगली आणि फागूमामाला मी बोलावलं होतं. रश्मीताई खुर्चीत बसल्या. मी दोन नळ्या स्टँडवर ठेवल्या. नाव कोणत्याच नळीवर नाही, फक्त एक आणि दोन.

"साहेब, तुम्ही हजेरी घेता ना. तुमच्या नाकावर सगळं ठरतं. सांगा, कोणत्या नळीत वास आहे?"

त्याने पहिल्या नळीचं बूच जरा लांबूनच हुंगलं. "इसमें कुछ नहीं." मग दुसरं. नाक मागे ओढलं, रुमाल काढला.

"छी! ये देखो. यही वास. हाच तो, गावाकडचा. मंगलीचा असेल नाही तर चंचलचा. मैं तो पहले ही बोल रहा था."

डिंपल माझ्याकडे बघत होती. मी फॉर्म काढला, त्याची सही असलेला, त्यावर नमुना क्रमांक आणि वेळ. त्याच्यासमोर ठेवला.

"दोन्ही नळ्या तुमच्या आहेत, साहेब. दोन्हींत तुमचाच घाम. पहिलीत जीवाणू नाहीत, म्हणून वास नाही. दुसरीत तुमच्या काखेतले जीवाणू आहेत, म्हणून आहे. गावाकडचा नाही. नागपूरकडचाही नाही. माणसाचा आहे."

त्याच्या मानेवरून लाली वर चढली. म्हणाला, नळी बदलली असेल. मी म्हटलं, "आत्ता हात वर करा, पुन्हा घेऊ, तुमच्या डोळ्यांसमोर. चार दिवस लागतात." तो हात वर करेना. चार आठवडे दुसऱ्यांना हात वर करायला लावलेला माणूस एकदा स्वतःचा करेना!

मग रश्मीताई बोलल्या. त्या माझ्यासारख्या नाहीत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की चार रुग्णांची गळवं कामाच्या ठिकाणी पसरली, कारणं अशी: पाणी न घालता जंतुनाशकाचा आणि स्पिरिटचा वारंवार वापर, सामाईक वस्तरा, सामाईक टॉवेल. घरच्या अस्वच्छतेचा काही पुरावा नाही. जखम भरली की चौघीही पाहुण्यांसोबत काम करायला योग्य. एक प्रत मालकाच्या पत्त्यावर गेली आहे.

"मंगलीला काढलं तर तुम्ही कोणत्या कारणाने काढलं, ते लेखी द्या," त्या म्हणाल्या. "या कागदाखाली जोडू."

हेमेंद्र कागद वाचत होता, पण वाचत नव्हता. वरून खाली, खालून वर. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. तिला येऊ द्या. मी तिला नाही म्हटलंच कधी?"

नाही म्हटलंच कधी! ऐकलं का बाप्पा! मी तोंड उघडणार होते, पण मंगली पुढे आली. उजवा हात अजून नीट खाली जात नव्हता. मला वाटलं ही आता रडेल किंवा हात जोडेल, आणि हात जोडले असते तर मी त्या दिवशी खरंच नळी फोडली असती.

"येतो जी मी," ती म्हणाली. "पन एक सांगतो. हजेरी बंद नका करू."

फागूमामाने चमकून वर बघितलं. मीही.

"सगळ्याइची घ्या," मंगली म्हणाली. "रोज. ऑफिसच्या मागं नाही, समोर, पाहुण्याइच्या जेवनाच्या हॉलसमोर. आमी हात वर करून राहू. फक्त लाइनीत पयला नंबर तुमचा, साहेब. तुमी हात वर करा, डिंपल हुंगन, मंग आमचं हुंगन."

डिंपल कोपऱ्यात उभी होती. इतक्या वेळात पहिल्यांदा ती बोलली, आणि रिसेप्शनवरच्या हिंदीत नाही बोलली.

"मी नाही हुंगत आता कोनाचंच," ती म्हणाली. "तुमचं तर नाहीच."

हेमेंद्र गाडीची किल्ली हातात घट्ट धरून बाहेर गेला. दुपारी रिसॉर्टच्या स्टाफच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, की पाहुण्यांच्या सोयीसाठी तपासणी आजपासून रद्द, आणि स्टाफसाठी वेगळे टॉवेल येत आहेत. पाहुण्यांच्या सोयीसाठी म्हणे. मंगलीने तो मला फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, "म्याडम, आता खुश ना?"

मी खुश नव्हते. चंचल परत कामावर गेली नाही. गळू बरं झालं, तरी ती कोणाच्या शेजारी बसत नाही, घरात आईपासूनही हात अंगाला घट्ट चिकटवून चालते. एकोणीस वर्षांची पोर. तिच्यासाठी माझ्याकडे कोणतीच बशी नाही, कोणतीच नळी नाही. मंगलीला मी हेच सांगितलं, फोनवरच, रागाने रडत.

ती म्हणाली, "उद्या मी तिच्या घरी जातो. तिच्याबाजूनंच बसतो. हात वर करून."